वेग दीडपट, गळा तोच

तासाभराचं व्याख्यान दीडपट वेगानं ऐकलं की ते चाळीस मिनिटांत संपतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी, बसमध्ये उभ्यानं पॉडकास्ट ऐकणारे नोकरदार, जुन्या व्याख्यानमालांची ध्वनिमुद्रणं ऐकणारे निवृत्त लोक, सगळेच हल्ली मोबाइलवरचं ते `1.5x` बटण सर्रास दाबतात. बोलणारा घाईत आहे एवढंच जाणवतं, आवाज मात्र त्याचाच राहतो. ज्यांनी कॅसेटचा जमाना पाहिला आहे, त्यांना यातली गंमत चटकन कळेल. तेव्हा टेप वेगानं फिरवली की भारदस्त वक्तासुद्धा चिरक्या आवाजात किचकिच करू लागायचा. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी चुकून ४५ वर लावली, तरी तेच व्हायचं. वेग दोन्हीकडे वाढलाय, मग मोबाइलवर आवाज का चढत नाही?

आधी टेपवर काय होतं ते पाहू. आपण बोलतो तेव्हा गळ्यातले स्वरतंतू सतत उघडमीट करत असतात. साधारण पुरुषाच्या आवाजात ही उघडमीट सेकंदाला शंभर ते दीडशे वेळा होते, बाईच्या आवाजात दोनशेच्या आसपास. सेकंदाला १२५ कंपनं असतील, तर एका कंपनाला ८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा आठ हजारांश. टेप दीडपट वेगानं फिरवली की प्रत्येक कंपन दीडपट घाईनं उरकतं, ८ ऐवजी सुमारे सव्वापाच मिलिसेकंदांतच. सेकंदाला १२५ ऐवजी जवळजवळ १८८ कंपनं कानावर पडतात. गाण्यातल्या मंडळींना हे प्रमाण ओळखीचं आहे. षड्जाच्या दीडपट म्हणजे पंचम. दीडपट वेगानं फिरवलेली टेप वक्त्याला नेमकी सा वरून प वर नेऊन ठेवते.

एवढंच झालं असतं, तर वक्ता वरच्या पट्टीत बोलतोय असं वाटलं असतं. पण घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीत जो आवाज घुमतो, त्या घुमण्याच्या जागाही टेपवर दीडपट वर सरकतात. ‘आ’ हा ‘आ’ का वाटतो आणि ‘ई’ ही ‘ई’ का, हे या घुमण्यावरून ठरतं. बोलणाऱ्याची चण केवढी असेल, याचा अंदाजही कान त्यावरूनच बांधतो. प्रौढ पुरुषाची ही पोकळी सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते. दीडपट वेगानं ती अकरा-साडेअकरा सेंटिमीटरची असल्यासारखी ऐकू येते, म्हणजे लहान मुलाएवढी. म्हणून आवाज नुसता उंच होत नाही, माणूसच बदलल्यासारखा वाटतो. १९५८ साली अमेरिकेत रॉस बॅगडासेरियन यांनी हीच गोष्ट मुद्दाम केली. मंद गतीच्या टेपवर गाऊन ती नेहमीच्या वेगानं वाजवली आणि ‘चिपमंक्स’ नावाच्या खारींचं त्रिकूट जन्माला आलं.

आता मोबाइलकडे वळू. तो कंपनांना घाई करतच नाही. तो त्यांतली काही सरळ गाळून टाकतो. सेकंदाला १२५ कंपनं असलेल्या आवाजातली सुमारे ४२ काढून टाकली, तर ८३ उरतात आणि ती दोन-तृतीयांश सेकंदात मावतात. उरलेलं प्रत्येक कंपन मात्र पूर्वीसारखंच ८ मिलिसेकंदांचं, जसंच्या तसं. आवाजाची उंची कंपनाच्या लांबीवर ठरते आणि ती लांबी बदललेलीच नाही, म्हणून गळा तोच राहतो. दर तीन कंपनांतलं एक वगळायचं, एवढीच खरी युक्ती. हे चालून जातं, कारण बोलण्यात पुनरुक्ती भरपूर असते. ‘काम’ या शब्दातला ‘का’चा आकार सहज दीडशे मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात जवळपास एकसारखी अठरा-एकोणीस कंपनं येऊन जातात. त्यांतली सहा नसली, तर आकार थोडा आखूड होतो, बिघडत नाही.

ही कल्पना जुनी आहे. १९५३ साली गार्वी या अमेरिकी संशोधकानं टेपचे बारीक तुकडे हातानं कापून, मधले मधले टाकून, उरलेले चिकटवले आणि असं बोलणं लोकांना कितपत समजतं ते तपासलं. पुढच्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातल्या फेअरबँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामासाठी यंत्र मांडलं. त्यात टेप वाचणारी डोकी एका फिरत्या दंडगोलावर बसवलेली होती. टेप पुढे सरकत असताना ती डोकी मधले तुकडे आपोआप ओलांडत. कात्रीची गरज संपली, पण एक दुखणं राहिलं. गार्वीची कात्री काय किंवा ते फिरतं डोकं काय, दोन्ही ठरावीक अंतरानं कापत. कंपन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, याचा त्यांना पत्ता नव्हता. एखादं कंपन अर्ध्यात तुटे आणि त्याला दुसऱ्याच कंपनाचं शेपूट जोडलं जाई. अशा सांध्यांमुळे आवाजात खरखर आणि थरथर यायची.

हे दुखणं नेमकं काय आहे आणि ते कसं बरं झालं, हे आपल्या १२५ कंपनांच्या वक्त्यावरच पाहू. ध्वनिमुद्रणाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे घ्यायचे. मूळ ध्वनिमुद्रणातून ते दर १५ मिलिसेकंदांनी उचलायचे आणि नव्या ध्वनिमुद्रणात दर १० मिलिसेकंदांनी मांडायचे. पंधराचं दहा झालं, म्हणजे वेग दीडपट. शेजारचे तुकडे एकमेकांवर अर्धे चढतात, म्हणून पहिल्याचा आवाज हळूहळू उतरवायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याचा चढवायचा. सांधा कानाला टोचू नये म्हणून ही सोय.

पहिला तुकडा मुळातल्या शून्यापासून सुरू झाला. नव्या ध्वनिमुद्रणात १० मिलिसेकंद झाले की दुसरा त्यावर चढू लागतो. त्या क्षणी पहिल्या तुकड्यात मुळातला १० वा मिलिसेकंद वाजतोय आणि दुसऱ्यात १५ वा. दोघांत ५ मिलिसेकंदांचा फरक आहे आणि एक कंपन ८ चं. म्हणजे एका तुकड्यातली लाट वर जात असते, तेव्हा दुसऱ्यातली बरीचशी खाली असते. दोन्ही मिळून एकमेकांना मारतात. पुढच्या प्रत्येक सांध्यावर हाच फरक पडतो आणि सांध्याच्या आत मारामारी कमीजास्त होत राहते. आवाज सेकंदाला शंभर वेळा असा दबत-उसळत राहिला, की वक्ता पंख्यासमोर बसून बोलल्यासारखा ऐकू येतो.

यावरचा उपाय असा, की दुसरा तुकडा बरोबर १५ वरूनच उचलायचा हट्ट धरायचा नाही. १५ च्या मागेपुढे चार-पाच मिलिसेकंद शोधायचं आणि पहिल्या तुकड्याच्या पुढच्या भागाशी ज्याची लाट सगळ्यात जास्त जुळते, तो तुकडा घ्यायचा. पहिला तुकडा सरळ चालत राहिला असता, तर १० वा मिलिसेकंद आला असता. त्याच्याशी हुबेहूब जुळणारी जागा म्हणजे बरोबर एक कंपन पुढची, अर्थात १८. म्हणून १५ ऐवजी १८ वरून तुकडा उचलला. एक अख्खं कंपन गळालं आणि सांधा बेमालूम बसला.

तिसऱ्या तुकड्याची ठरलेली जागा ३०. दुसरा तुकडा सरळ चालला असता, तर २८ आला असता. तो ३० च्या जवळच आहे, म्हणून २८ च घ्यायचा. या खेपेला काहीच गाळायचं नाही. चौथ्याची ठरलेली जागा ४५, सरळ चालीनं येणारी ३८. तिच्यापुढे एक कंपन म्हणजे ४६, ती ४५ ला चिकटूनच आहे. म्हणून ४६ घ्यायची आणि दुसरं कंपन गाळायचं. हिशेब पाहा. नव्या ध्वनिमुद्रणात ३० मिलिसेकंद होईपर्यंत मुळातले १५ मिलिसेकंद वगळायला हवे होते, प्रत्यक्षात १६ वगळले गेले. तेही अर्धवट तुकड्यांत नाही, तर आठ-आठच्या दोन पूर्ण कंपनांत. एखाद्या जागी मिलिसेकंदभर पुढेमागे होतं, पण ते पुढच्या तुकड्यात भरून निघतं. चूक साठत जात नाही आणि तासाचं व्याख्यान चाळीस मिनिटांतच संपतं.

लाट जुळते की नाही, हे संगणक साध्या गुणाकार-बेरजेनं ठरवतो. दोन तुकड्यांतले समोरासमोरचे आकडे गुणायचे आणि सगळे गुणाकार मिळवायचे. चढ चढासमोर आणि उतार उतारासमोर आला की बेरीज मोठी येते, उलटसुलट आले की घटते. मोठ्यात मोठी बेरीज देणारी जागा पक्की करायची. जुळणी शोधून तुकडे मांडायची पद्धत १९८५ साली रूकोस आणि विल्गस यांनी मांडली. १९९३ साली ब्रुसेल्सच्या व्हेरहेल्स्ट आणि रूलंड्स यांनी तिला वर सांगितलेलं रूप दिलं. तिचं नाव ‘डब्ल्यूसोला’. आज बोलण्याचा वेग वाढवणाऱ्या अनेक प्रोग्रॅममध्ये हीच पद्धत किंवा तिचं भावंड काम करत असतं.

एक प्रश्न उरतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ या वर्णांत स्वरतंतू थरथरतच नाहीत, तिथे कंपन कुठून आणायचं? तिथे आवाज म्हणजे हवेची नुसती सळसळ. सळसळीला ठरावीक लाट नसते, त्यामुळे कुठेही सांधा दिला तरी तो कानाला कळत नाही. हे वर्ण स्वस्तात सुटतात.

खरी परीक्षा ‘क’, ‘ट’, ‘त’, ‘प’ यांची. हे वर्ण उच्चारताना हवा क्षणभर अडते आणि मग फटकन सुटते. ‘ट’चा तो फटकारा जेमतेम पाच ते वीस मिलिसेकंदांचा असतो आणि तो एकदाच येतो. आकारासारखी त्याची पुनरुक्ती नसते. गाळलेल्या भागात नेमका तो सापडला, तर ‘ट’ बोथट होतो. मग तुकडे लहानच ठेवावेत, म्हणजे प्रत्येक उडीही लहान राहील, असं वाटेल. पण तिथे खर्जातला आवाज आडवा येतो. एखाद्या वक्त्याचा आवाज सेकंदाला ८० कंपनांपर्यंत उतरत असेल, तर त्याचं एक कंपन साडेबारा मिलिसेकंदांचं झालं. २० मिलिसेकंदांच्या तुकड्यात अशी दोन कंपनंही मावत नाहीत. मागेपुढे चार मिलिसेकंद शोधून त्याची जोडी सापडत नाही आणि आवाज घोगरा होतो. म्हणून बरेच प्रोग्रॅम मोठे तुकडे घेतात, काही तर ८० मिलिसेकंदांच्या घरातले. तुकडा मोठा केला की भारी आवाज गुळगुळीत येतो पण फटकारे बोथट होतात. लहान केला की याच्या उलट. एकाच व्याख्यानाला दोन अ‍ॅपमध्ये वेगळा पोत येतो, तो बहुतेक या निवडीमुळे.

दोष ऐकून ओळखता येतो. आवाज पंख्यासमोर बोलल्यासारखा थरथरत असेल किंवा घोगरा असेल, तर लाटा नीट जुळत नाहीयेत. शब्द गुळगुळीत येतायत पण ‘टाका’ आणि ‘डागा’ यांची गल्लत व्हायला लागली, तर फटकारे गळतायत. वक्ता नळकांड्यात बसल्यासारखा पोकळ वाटत असेल, तर बहुधा प्रोग्रॅमनं वेगळीच पद्धत लावली आहे. ती पद्धत आवाज आधी निरनिराळ्या स्वरांत वेगळा करते आणि प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे आखूड करून पुन्हा एकत्र आणते. फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी ती १९६६ साली बेल लॅबमध्ये मांडली. ती गाण्यासाठी चांगली. गाण्यात तानपुरा, पेटी, गळा असे अनेक आवाज एकदम चालू असतात आणि प्रत्येकाच्या कंपनाची लांबी वेगळी असते. सगळ्यांना एकदम जुळेल अशी एकच जागा सापडत नाही, तेव्हा तुकडे जुळवण्याची पद्धत तिथे लटपटते. एकट्या माणसाच्या बोलण्याला मात्र तीच बरी. व्याख्यानाच्या सुरुवातीचं ईशस्तवन दीडपट वेगानं डळमळतं आणि पुढचं भाषण स्वच्छ येतं, याचं कारण हेच. घुमणाऱ्या सभागृहातलं ध्वनिमुद्रणही असंच त्रास देतं. तिथे आधीच्या शब्दाचा नाद पुढच्या शब्दाखाली चालूच असतो, म्हणजे एका वेळी दोन आवाज.

घरच्या संगणकावर हा फरक स्वतःच्या कानांनी ऐकता येतो. `ffmpeg` हा मोफत प्रोग्रॅम असेल आणि ध्वनिमुद्रण नेहमीच्या ४४,१०० नमुन्यांचं असेल, तर या दोन ओळी पुरतात:

```
ffmpeg -i bhashan.mp3 -af asetrate=66150,aresample=44100 tape.mp3
ffmpeg -i bhashan.mp3 -af atempo=1.5 jalad.mp3
```

पहिली ओळ जुन्या टेपसारखी वागते. ४४,१०० ची दीडपट म्हणजे ६६,१५०, तेवढ्या घाईनं ती सगळे आकडे वाजवते आणि आवाज पंचमावर जातो. दुसरी ओळ तुकडे जुळवून गाळते. दोन्ही फायली अगदी सारख्याच लांबीच्या होतात, फरक फक्त गळ्यात. एक पथ्य पाळावं. `jalad.mp3` मोबाइलवर घेतल्यावर तिथलं `1.5x` चालू राहिलं, तर एकूण वेग सव्वादोनपट होतो. शिवाय आधीच सांधे असलेल्या आवाजात नवे सांधे पडतात. म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी आणि वेगाचा बदल एकदाच करावा.

आवाज स्वच्छ राहिला म्हणजे सगळं समजलं असं नाही. दीडपटीची दुसरी मर्यादा ऐकणाऱ्याच्या डोक्यात असते. अमेरिकेतल्या लुईव्हिल विद्यापीठात इमर्सन फोक यांनी अंध वाचकांसाठी दाबलेल्या बोलण्यावर बरीच वर्षं काम केलं. ब्रेल वाचण्यापेक्षा पुस्तक ऐकणं जलद होतं, आणि ते आणखी जलद करता आलं तर हवंच होतं. त्यांनी स्टिक्ट यांच्यासोबत १९६९ साली तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. इंग्रजी बोलणं मिनिटाला सुमारे २७५ शब्दांच्या पलीकडे गेलं की आकलन झपाट्यानं घसरतं, असं त्यातून दिसलं. एकेक सुटा शब्द त्याहून कितीतरी वेगानं ओळखता येतो. वाक्याचा अर्थ लावायला मात्र वेळ लागतो आणि तोच कमी पडतो. इंग्रजीत निवांत व्याख्यान मिनिटाला दीडशे शब्दांच्या आसपास चालतं. दीडपटीनं ते २२५ होतं, म्हणजे मर्यादेच्या आत. २०२१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानांच्या चित्रफिती निरनिराळ्या वेगानं दाखवून परीक्षा घेतली. त्यांनाही दुप्पट वेगापर्यंत फारसं नुकसान आढळलं नाही. त्यापुढे मात्र गुण घसरले.

हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. इंग्रजीत अनेक सुट्या शब्दांत सांगितलेलं आपण ‘घरासमोरून’ अशा एकाच शब्दात बसवतो. शब्द मोजून तुलना केली, तर मराठी वक्ता उगाच संथ भासेल. मराठीत काळाला आणखी एक काम असतं. ‘सखा’ आणि ‘सख्खा’, ‘गडी’ आणि ‘गड्डी’ यांच्यातला मुख्य फरक म्हणजे हवा किती वेळ अडवून धरली. ‘त’ आणि ‘थ’ मध्ये फरक आहे तो फटकाऱ्यानंतरच्या श्वासाचा. दीडपटीला हे फरक टिकतात, कारण आजूबाजूचे स्वरही त्याच प्रमाणात आखूड झालेले असतात आणि कान लांबी मोजतो ती शेजाऱ्याच्या तुलनेत. वेग अडीचपटीच्या पुढे गेला की अडवणूक आणि श्वास दोन्ही इतके तोकडे होतात, की संदर्भावरून अंदाज बांधावा लागतो.

माणूस स्वतः घाईत बोलतो तेव्हा असं सगळं एका मापानं आखूड होत नाही. तो आधी विराम खातो, मग स्वर, मग अक्षरंच गिळतो. ‘काय म्हणालास’चं ‘काम्हणास’ होतं. यंत्र अक्षर गिळत नाही, त्यामुळे दीडपट केलेलं संथ व्याख्यान भरभर बोलणाऱ्या माणसापेक्षा बहुधा स्पष्ट ऐकू येतं. जो वक्ता मुळातच भरभर बोलतो, त्याच्यावर ही युक्ती चालवायला जागाच उरलेली नसते. काही अ‍ॅप विराम वेगळे कापायचीही सोय देतात. गोष्टीला ती चालते, पण सिद्धता किंवा हिशेब समजावणाऱ्या व्याख्यानाला ती घातक. तिथे विरामातच ऐकणारा आधीची पायरी पचवत असतो. दीडपटीला पाऊण सेकंदाचा विराम अर्ध्या सेकंदाचा होऊन निदान शिल्लक तरी राहतो.

वेगाचा लाभ सरळ रेषेत वाढत नाही. तासाचं व्याख्यान सव्वापटीनं ४८ मिनिटांत होतं, दीडपटीनं ४० आणि दुपटीनं ३०. एकावरून दीडवर गेलं की २० मिनिटं वाचतात, दीडवरून दोनवर गेलं की दहाच. त्या दहा मिनिटांसाठी तीन कंपनांतल्या एकाऐवजी दोनांतलं एक गाळावं लागतं. सांधे वाढतात, फटकारे अधिक गळतात आणि विराम निम्म्यावर येतात. ऐकताना एखादं वाक्य दोनदा मागे न्यावं लागलं, की ही दहा मिनिटंही हातची जाऊ लागतात. म्हणून स्वच्छ ध्वनिमुद्रण, एकटा वक्ता आणि ओळखीचा विषय असेल तर दीडपट खुशाल ठेवावी. विषय नवा असेल किंवा सभागृह घुमत असेल, तर सव्वापट बरी. आणि फळ्यावरचं गणित सुरू झालं, की एकावर आणावं.